कार्ड फुल, स्लॉट दोन

लग्नाच्या फोटोंचं काम मुळात माझ्या मित्राचं होतं. आदल्या रात्री त्याला सडकून ताप भरला आणि त्याने मला फोन केला. माझा दिवस मोकळा होता, त्यामुळे प्रश्न फक्त सामानाचा होता. माझ्याकडे कॅमेऱ्याची एकच बॉडी आहे आणि तिला कार्डाचा एकच स्लॉट आहे. लग्नाला एका बॉडीवर जायचं म्हणजे दोर न बांधता विहिरीत उतरण्यासारखं, म्हणून त्याने आपली बॉडी, चोवीस-सत्तर लेन्स आणि कार्डांचं पाकीट माझ्याकडे पाठवून दिलं. सोबत त्याची नेहमीची सहायक मुलगी येणार होती. माझ्या बॉडीवर मी सत्तर-दोनशे लावली. जवळचं सगळं त्याच्या कॅमेऱ्यावर आणि लांबचं माझ्यावर, असा साधा हिशेब ठेवला.

फोनवर त्याने सेटिंग सांगितली. कॅमेरा 24 मेगापिक्सेलचा, फोटो रॉमध्ये, म्हणजे सेन्सरची सगळी माहिती राखणाऱ्या मोठ्या फाइलमध्ये. पहिल्या स्लॉटमध्ये 128 जीबीचं वेगवान कार्ड, जे दिवसभर काढायचं नाही. दुसऱ्या स्लॉटमध्ये 64 जीबीचं एसडी, तेही बॅकअप मोडवर. म्हणजे प्रत्येक फोटो दोन्ही कार्डांवर एकाच वेळी लिहिला जातो. सकाळची तयारी एका एसडीवर घ्यायची आणि सभागृहात गेल्यावर एसडी बदलायचं, ही त्याची पद्धत. "आणि व्हिडिओ?" मी विचारलं. "तो पहिल्या कार्डात जातो. पण तुला व्हिडिओ करावाच लागणार नाही, त्यासाठी वेगळा माणूस आहे."

सकाळ निवांत गेली. खिडकीचा उजेड, कमी आयएसओ म्हणजे उजेडाची संवेदनशीलता कमी ठेवलेली, साडेसहाशेच्या आसपास फ्रेम. रॉ फाइल सरासरी 26 एमबीची येत होती, म्हणजे एसडीवर साधारण 17 जीबी भरले. सभागृहात पोचल्यावर मी ते एसडी काढून सहायक मुलीकडे दिलं आणि नवं घातलं. तिने जुनं पाकिटात ठेवलं. भरलेलं कार्ड लेबल खाली करून ठेवायचं आणि रिकामं लेबल वर करून, हा बऱ्याच फोटोग्राफरांचा रिवाज आहे आणि त्या पाकिटातही तो होता.

सभागृहात उजेड बेताचाच होता. व्यासपीठावर दोन पिवळे दिवे, बाकी सगळं अंधुक. आयएसओ 6400 वर गेला. याचा कार्डाशी संबंध आहे, आणि तो पटकन लक्षात येत नाही. रॉ फाइल कॅमेरा दाबून लहान करतो, पण माहिती न गमावता. चित्र जितकं गुळगुळीत तितकी ती जास्त दबते. आयएसओ वाढला की नॉइज, म्हणजे चित्रात दाणे, येतो, आणि नॉइजला काहीच क्रम नसल्यामुळे तो दबत नाही. सकाळी 26 एमबीची असलेली फाइल संध्याकाळच्या उजेडात 31 एमबीची होते. कॅमेरा बदललेला नसतो, लेन्स तीच असते, तरी त्याच कार्डावर फोटो कमी मावतात. पडद्यावर दिसणारा उरलेल्या फोटोंचा आकडा हा कॅमेऱ्याचा अंदाज असतो, वचन नव्हे.

पाहुणे येत गेले, ग्रुप फोटो होत गेले. ग्रुप फोटो कार्ड खातात. वीस माणसं असली की कुणाचे तरी डोळे मिटलेले असणारच, म्हणून एका ग्रुपचे पाच-सहा फोटो घ्यावे लागतात. वधूवरांच्या प्रवेशाआधी मी आकडा पाहिला, तेव्हा नऊशेच्या वर फोटो शिल्लक होते. मुख्य विधीला मला फार तर पाचशे-सहाशे लागतात. पुरेसं होतं.

तेवढ्यात व्हिडिओवाला घामाघूम होऊन आला. त्याचा कॅमेरा तापून बंद पडला होता. फोरकेमध्ये लांब क्लिप घेत राहिलं की काही कॅमेरे असे आपोआप बंद होतात, आणि मग थंड होईपर्यंत काही करता येत नाही. "दादा, प्रवेश तेवढा घ्याल का? मी गार झालं की येतो." मी कॅमेरा मोनोपॉडवर लावला आणि प्रवेशाची सहा मिनिटांची क्लिप घेतली. लांबचे फोटो त्या वेळात माझी बॉडी घेऊन सहायक मुलीने काढले, आणि बरे काढले. मग वधूचे वडील बोलायला उभे राहिले. व्हिडिओवाल्याचा कॅमेरा अजून तापलेलाच. तेही मीच घेतलं. वडील चांगले बोलले, पण अकरा मिनिटं बोलले.

एकूण सतरा मिनिटं. या कॅमेऱ्यावर फोरके व्हिडिओचा वेग सेकंदाला 144 मेगाबिट, म्हणजे सेकंदाला 18 एमबी आणि मिनिटाला जवळजवळ 1.1 जीबी. सतरा मिनिटांचे 18 जीबी झाले. फोटोंच्या भाषेत सांगायचं तर सहाशे फ्रेम. माझ्या डोक्यात हे सगळं 128 वाल्या कार्डात जात होतं, आणि तिथे जागा बक्कळ होती.

विधी सुरू झाला. मी व्यासपीठाच्या डाव्या कोपऱ्यात, वधूवरांपासून आठ-नऊ फुटांवर. माझ्या मागे खुर्च्यांची पहिली रांग, तिच्यात दोन्हीकडचे आईवडील. मागे सरकायला जागा नव्हती. साडेतीनशेच्या आसपास फ्रेम झाल्या असतील. माझ्या हिशेबाने अजून साडेपाचशे शिल्लक होत्या. व्ह्यूफाइंडरमध्ये तो आकडा का दिसला नाही, असं कुणीही विचारेल. या कॅमेऱ्यात बटण अर्धं दाबलं की उरलेल्या फोटोंच्या जागी बफरचा आकडा येतो. कार्डावर लिहिले जाईपर्यंत फोटो थांबतात ती कॅमेऱ्यातली जागा म्हणजे बफर, आणि सलग किती फ्रेम घेता येतील ते हा आकडा सांगतो. विधी चालू असताना बोट सतत अर्ध्या बटणावर असतं. डोळ्यासमोर राहतो तो बफरच, आणि बफर कार्ड जवळपास भरलेलं असतानाही पूर्ण दिसू शकतो.

अंगठ्या बाहेर आल्या. वराने वधूचा हात हातात घेतला. मी बटण दाबून धरत सलग फोटोंचा बर्स्ट सुरू केला आणि तो मध्येच तुटला. बटण दाबलेलं, शटर गप्प. फाइंडरमध्ये कार्ड फुलचा शब्द लुकलुकत होता, आणि त्याच्या शेजारी दोन नंबरच्या स्लॉटचं चिन्ह.

कॅमेऱ्याच्या मागे कार्डाच्या झाकणाजवळ एक बारीक दिवा असतो. तो लागलेला असेपर्यंत कॅमेरा कार्डावर लिहीत असतो. झाकण उघडायला माझा अंगठा गेला आणि दिवा लागलेला दिसला. या वेळी झाकण उघडून कार्ड ओढलं तर काय होतं, ते मी दुसऱ्यांच्या कार्डांवर पाहिलेलं आहे. शेवटची फाइल अर्धी राहते. ती उघडली की वरचा भाग ठीक दिसतो आणि खाली करडा पट्टा येतो. हे त्यातल्या त्यात बरं. वाईट म्हणजे कार्डावरची यादीच बिघडते, कुठली फाइल कुठे आहे ही नोंदच जाते, आणि मग संगणक कार्ड वाचतच नाही. रिकव्हरीने बहुतेक फोटो परत मिळतात, पण "बहुतेक" हा शब्द लग्नाच्या घरात सांगायचा नसतो.

म्हणून थांबणं आलं. बॅकअप मोडमध्ये लिहिण्याचा वेग ठरवतं ते हळू कार्ड. पहिलं कार्ड कितीही वेगवान असलं तरी कॅमेरा एसडीसाठी थांबतो. ते एसडी सेकंदाला साठेक एमबी लिहीत असेल. तुटलेल्या बर्स्टच्या अठराएक फ्रेम बफरमध्ये अडकलेल्या होत्या, प्रत्येकी 31 एमबीच्या. म्हणजे साडेपाचशे एमबी, नऊ-दहा सेकंद. समोर अंगठी बोटाच्या पेरापर्यंत आलेली असताना दहा सेकंद.

मी तो कॅमेरा पट्ट्यावर सोडला आणि खांद्यावरची माझी बॉडी उचलली. तिच्यावर सत्तर-दोनशे. आठ-नऊ फुटांवरून सत्तर मिलिमीटरला दोन चेहरे आणि दोन हात एका फ्रेममध्ये नीट बसत नाहीत. चेहरे घेतले तर हात कापले जातात, हात घेतले तर चेहरे. मागे सरकायचं तर वधूच्या आईच्या मांडीवर बसावं लागलं असतं. जे आहे त्यात निवड करायची होती. अंगठी सरकतानाचा हात परत मिळणार नव्हता, चेहऱ्यावरचा भाव मात्र आणखी काही क्षण टिकला असता. म्हणून आधी हात घेतले, घट्ट, नखावरची नक्षी दिसेल इतके. मग लेन्स वर करून वधूचा चेहरा, मग वराचा. दोघांना एकत्र धरणारी फ्रेम अंगठीच्या क्षणाला मिळाली नाही. दहा-बारा फोटो झाले.

तोवर पहिल्या रांगेतल्या एका काकांनी परिस्थिती ताडली होती. ते पुढे वाकून हळूच म्हणाले, "अहो, जुने चारदोन डिलीट करून टाका ना." सल्ला चांगल्या मनाने दिलेला होता. पण एक रॉ फोटो डिलीट केला की एकाच फोटोची जागा होते. शंभर फोटोंची जागा करायची तर शंभर निवडायला हवेत. शिवाय डिलीट करताना काही कॅमेरे दोन्ही कार्डांवरची प्रत एकदम काढतात, काही विचारतात, आणि हा दुसऱ्याचा कॅमेरा होता. घाईत काय दाबलं जाईल याचा भरवसा नव्हता.

खरा मोह वेगळाच होता, आणि तो मला त्या दहा सेकंदांतच झाला. दोन नंबरचं चिन्ह लुकलुकतंय याचा अर्थ व्हिडिओ एसडीवर गेले असणार, हे तोवर ध्यानात आलं होतं. साडेपाचशे फ्रेमची जागा दुसऱ्या कुणी खाल्ली असणार? मग वडिलांच्या भाषणाची एक क्लिप काढली की एका झटक्यात 12 जीबी मोकळे. जवळजवळ चारशे फोटो. दोन बटणांचं काम. पण फोटोंचा बॅकअप होतो तसा व्हिडिओचा या कॅमेऱ्यात होत नाही. तो एकाच कार्डावर लिहिला जातो. भाषणाची ती एकमेव प्रत होती, आणि बोलणारे गृहस्थ माझ्या पाठीमागे तीन फुटांवर बसले होते.

दिवा विझला. आणि तो विझता विझता डोक्यात उजेड पडला. फुल झालंय ते दोन नंबरचं कार्ड. एक नंबरचं 128 चं. त्यात सकाळचे 17 जीबी आणि आताचे साडेचौदाशे फोटो, म्हणजे 45 जीबी. एकूण 62. निम्मं कार्ड रिकामं आहे! कॅमेरा थांबला तो जागा नाही म्हणून नव्हे. मी त्याला "दोन्हीकडे लिही" असं सांगितलंय आणि एकीकडे लिहिता येत नाही, म्हणून तो अडून बसलाय. बॅकअप मोडचा अर्थच तो. दोन प्रती होत नसतील तर एकही नाही. जोडीतलं लहान कार्ड भरलं की मोठ्यातल्या जागेचा उपयोग शून्य.

मेनूत जाऊन दुसऱ्या स्लॉटचं काम "बॅकअप" वरून "ओव्हरफ्लो" करता आलं असतं. मग कॅमेरा पहिल्या कार्डावर लिहीत राहतो आणि ते भरल्यावर दुसऱ्याकडे वळतो. पण दुसऱ्याच्या कॅमेऱ्यात मेनू शोधत बसण्यापेक्षा सोपा मार्ग होता. झाकण उघडलं, एसडी आत दाबून सोडलं, ते वर आलं, काढलं, झाकण बंद केलं. एकच कार्ड आत आहे म्हटल्यावर कॅमेऱ्याने मुकाट्याने त्यावर लिहायला सुरुवात केली. उरलेले फोटो दोन हजारांच्या वर. या सगळ्याला चार सेकंद लागले असतील.

वधूने वराच्या बोटात अंगठी घातली, ती मला चोवीस-सत्तरवर पूर्ण मिळाली. दोघं, हात, मागे वधूची आई डोळे पुसतेय, सगळं एका फ्रेममध्ये. आधीच्या अंगठीला जे हुकलं ते या अंगठीला मिळालं, आणि खरं सांगायचं तर ही फ्रेम पहिलीपेक्षा सरसच झाली असती, कारण हिच्यात वर हसत होता.

आता मात्र मी एका प्रतीवर चाललो होतो. कार्डं रोज बिघडत नाहीत, पण बिघडायची ती सांगून बिघडत नाहीत. मी सहायक मुलीला खूण केली. बोटांनी कार्डाचा चौकोन दाखवला. ती सभागृहाच्या दुसऱ्या टोकाला दिव्याचा स्टँड धरून उभी होती. स्टँड एका नातेवाइकाच्या हातात देऊन ती खुर्च्यांच्या मागून वाकत वाकत आली आणि तिने पाकिटातून एक एसडी माझ्या तळहातावर ठेवलं.

"हे रिकामं ना?"

"हो दादा. लेबल वर होतं. फॉरमॅट मारून घ्या."

मी ते आत घातलं, पण फॉरमॅट मारलं नाही. आधी आकडा पाहिला. रिकाम्या 64 जीबीच्या कार्डावर, या आयएसओला, दोन हजारांच्या आसपास फोटो दिसायला हवेत. कॅमेरा 1.5k, म्हणजे दीड हजार, दाखवत होता. पाचशे फोटोंची जागा गेली कुठे? प्लेबॅकचं बटण दाबलं, दुसरा स्लॉट निवडला, आणि पडद्यावर आली सकाळची वधू, खिडकीशी, केस अर्धे विंचरलेले. पाकीट कधीतरी हातातून पडलं होतं आणि कार्डं परत भरताना उलटसुलट झाली होती, हे तिला नंतर आठवलं. त्या क्षणी ती एवढंच म्हणाली, "अगं बाई!"

फॉरमॅट मारलं असतं तरी लगेच सगळं संपलं नसतं. कॅमेऱ्यातलं साधं फॉरमॅट यादी पुसतं, फोटो तिथेच पडून राहतात, आणि त्यांच्यावर नवं काही लिहिलं जाईपर्यंत रिकव्हरीने मिळू शकतात. पण मी तर लगेच लिहायला सुरुवात करणार होतो. शिवाय सकाळचे फोटो पहिल्या कार्डावर होतेच, म्हणजे नुकसान झालं असतं ते दुसऱ्या प्रतीचं.

"बदलू का? दुसरं काढते," ती म्हणाली. मी नको म्हटलं. दीड हजारांची जागा उरलेल्या विधीला भरपूर होती. कार्ड वापरण्यापूर्वी फॉरमॅट केलंच पाहिजे असा काही नियम नाही. ज्या कॅमेऱ्यात ते भरलंय त्याच कॅमेऱ्यात परत घातलं तर तो जुन्या फोटोंना हात न लावता पुढे लिहितो, आणि फाइलचे नंबरही पुढेच चालू राहतात. दुसऱ्या बनावटीच्या कॅमेऱ्यातून आलेलं कार्ड असतं तर मी असं केलं नसतं. तिथे फोल्डरची मांडणी वेगळी असते आणि घोळ होऊ शकतो.

बॅकअप परत सुरू झाला. भरलेल्या एसडीच्या कडेला एक बारीक सरकता खटका असतो, तो मी खाली सरकवला. मग त्या कार्डावर कुठलाही कॅमेरा लिहू शकत नाही आणि फॉरमॅटही करू शकत नाही. ते कार्ड पाकिटात न ठेवता शर्टाच्या बटणाच्या खिशात गेलं. व्हिडिओवाला गार झालेला कॅमेरा घेऊन परतला आणि त्याने विचारलं, "काही विशेष?" मी म्हटलं, "भाषण झालं."

उरलेला विधी अर्धा-पाऊण तास चालला. बर्स्ट मी बंद केला. जागेची चिंता होती म्हणून नव्हे, तर त्या दहा सेकंदांत माझ्या बॉडीवर एकेक फ्रेम मोजून घेतली होती आणि ती लय हातात बसली होती. त्या पाऊण तासात नेहमीच्या निम्मेच फोटो झाले. निवडताना वेळ वाचला, बाकी मोठा फरक पडला असं मी म्हणणार नाही.

रात्री कॉपी करायला बसलो तेव्हा हिशेब लावायचा होता. पहिल्या कार्डावर सगळे फोटो, व्हिडिओ एकही नाही. दोन एसडी मिळून सगळे फोटो, वजा एसडी बाहेर असतानाचे. नंबर लावून पाहिले तर मधल्या 42 फ्रेम फक्त पहिल्या कार्डावर होत्या. वराच्या बोटात अंगठी जाते ती फ्रेम त्यांतच. म्हणून पहिलं कार्ड सगळ्यात आधी उतरवलं, दोन वेगळ्या डिस्कवर. दोन्ही प्रतींतल्या फाइलची संख्या आणि एकूण आकार जुळवला. मग त्या 42 फ्रेम एकेक करून मोठ्या करून पाहिल्या. नुसतं लघुचित्र दिसणं पुरेसं नसतं. ते रॉ फाइलच्या आत वेगळं साठवलेलं असतं, त्यामुळे मुख्य चित्र तुटलेलं असलं तरी लघुचित्र ठणठणीत दिसतं. भरलेल्या एसडीवरची शेवटची फाइलही तशीच तपासली. खाली करडा पट्टा नव्हता, ती दहा सेकंद सत्कारणी लागली होती.

दुसरं काम वेळेचं. माझ्या बॉडीचं घड्याळ मित्राच्या कॅमेऱ्याच्या एक मिनिट बावन्न सेकंद मागे होतं. सगळे फोटो वेळेनुसार लावले की अंगठी घालणारा हात आधी येत होता आणि अंगठी बाहेर काढणं नंतर. यावर उपाय सोपा आहे आणि तो दिवस संपल्यावरही करता येतो. दोन्ही कॅमेऱ्यांनी एकाच फोनवरच्या सेकंद दाखवणाऱ्या घड्याळाचा फोटो घ्यायचा. फरक किती ते कळतं, आणि एका दिवसात तो जवळपास तेवढाच राहतो. सॉफ्टवेअरमध्ये माझ्या बॉडीचे सगळे फोटो एकदम निवडून वेळ तेवढी पुढे सरकवली आणि क्रम लागला.

अल्बममध्ये पहिल्या अंगठीचं पान वेगळं करावं लागलं. हाताचा घट्ट फोटो मोठा, आणि दोन चेहरे शेजारी उभे, लहान. समोरच्या पानावर दुसरी अंगठी, एकच फोटो, पानभर. वधूला ती मांडणी ठरवून केलेली वाटली आणि मी तसं वाटू दिलं.

कॅमेरा परत द्यायच्या आधी मी पाच सेकंदांची एक क्लिप घेतली आणि कुठल्या स्लॉटचं चिन्ह दिसतं ते पाहिलं. व्हिडिओचं ठिकाण दोन नंबरच होतं. मित्राला विचारलं तर तो क्षणभर गप्प झाला, मग म्हणाला, "अरे हो. मागच्या आठवड्यात बदललं होतं. वेगवान कार्डाचा रीडर बिघडलाय ना, एसडी थेट लॅपटॉपमध्ये जातं, म्हणून व्हिडिओ तिकडे टाकले." कारण रास्त होतं. रीडर दुरुस्त व्हायचा होता, म्हणून सेटिंग मी बदललं नाही. फक्त पाकिटातलं सकाळचं एसडी कुठलं ते कळावं म्हणून त्याचाही खटका खाली सरकवला, आणि पहिलं कार्ड उतरवून घ्यायला त्याला माझा रीडर दिला.